पायावर सारखे काळेनिळे डाग, पोर मात्र ठणठणीत. डॉक्टरांना नक्की काय सांगू?

पाखाडीवरची
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या. आम्ही गुहागर तालुक्यात राहतो, घर पाखाडीला लागूनच, मुलगी साडेसहा वर्षांची. खाते-पिते, दिवसभर खळ्यात नाहीतर गडग्यावर, वजन-उंची सगळं नीट. पण चालायला लागल्यापासून हिच्या नडग्या काळ्यानिळ्या नाहीत असा एक आठवडा मला आठवत नाही. एक डाग पिवळा पडतोय तोवर दुसरा हजर. परवा आंघोळ घालताना मोजले, दोन्ही नडग्यांवर मिळून आठ, एक दंडावर, आणि एक कमरेच्या बाजूला रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठा, तिथे बोटाला गाठ लागते. कशाने झालं विचारलं तर "माहीत नाही".

आजवर मनावर घेतलं नव्हतं, पण गेल्या आठवड्यात शाळेत बाईंनी तिला बाजूला घेऊन विचारलं की घरी कोणी मारतं का. मला इतकं लागलं ते की रात्रभर झोप नाही. मग तालुक्याला डॉक्टरांकडे नेलं, सीबीसी झालं, प्लेटलेट २ लाख ८० हजार, बीटी-सीटी पण केलं, तेही नॉर्मल. म्हणाले खेळकर मूल आहे, काही नाही. सासूबाई म्हणतात अंगात उष्णता. मला पटत नाहीये, पण का पटत नाही तेही सांगता येत नाही. कोणाला अनुभव?

कलमी_आंबा
ताई, रिपोर्ट नॉर्मल म्हणजे विषय संपला. प्लेटलेट चांगल्या, बीटी म्हणजे रक्त थांबायची वेळ, सीटी म्हणजे गोठायची वेळ, दोन्ही बरोबर, मग राहिलं काय? माझ्या हर्नियाच्या ऑपरेशनआधी पण हेच दोन केलं होतं आणि लगेच टेबलावर घेतलं. लहानपणी आमच्या पायांवर डागच डाग असायचे, जांभ्यावर आपटल्यावर दुसरं काय होणार. आणि त्या बाईंना जरा सुनवा.

मालवणी_मावशी
आमच्या ह्यांच्या हातार पण असेच डाग येतत गो, जरा धक्को लागलो की काळो ठिपको. वय ७२. हृदयाची गोळी चालू आसा. ता काय म्हणाचा?

निवती_लाईटहाऊस
माझ्या भाच्याला झालं होतं, तीन वर्षांचा होता. सर्दी-ताप होऊन गेला आणि दोन आठवड्यांनी सकाळी उठला तर अंगभर लाल बारीक टिपके, टाचणीच्या टोकाएवढे, दाबले तरी न जाणारे, ओठाच्या आत रक्ताचे फोड. आदल्या रात्री काही नव्हतं. प्लेटलेट ८ हजार. आयटीपी म्हणाले, म्हणजे शरीरच आपल्या प्लेटलेट मारतं. पोर मात्र खेळतंय मस्त, आम्हीच रडतोय. दोन महिन्यांत आपोआप वर आल्या. आम्ही पपईच्या पानांचा रस पण दिला होता. तुम्ही पण सुरू करा, नुकसान तर नाही.

वाशिष्ठीकाठचा
मी लहान मुलांचा डॉक्टर, चिपळूणकडे प्रॅक्टिस. इथे बसून निदान करता येत नाही आणि करणारही नाही, पण काय सांगायचं असं शीर्षकात विचारलंय, तेवढ्यापुरतं लिहितो.

मावशी, काकांचं वेगळं आहे. वय, पातळ झालेली कातडी आणि ती गोळी, तिन्ही मिळून होतं ते. गोळी मनाने बंद करू नका, दाखवताना डागांचा विषय काढा. हा धागा लहान पोरीचा आहे.

निवतीकर, तुम्ही सांगितलंत ते आयटीपीचं अगदी ठरलेलं चित्र आहे, काल काही नव्हतं आणि आज अंगभर टिपके. या पोरीचं तसं नाही, हिचे डाग वर्षानुवर्षांचे आणि प्लेटलेट भरपूर. त्यामुळे पपई राहू द्या, वाढवायचं काहीच नाहीये.

आता बाईंबद्दल. ताई, लागलं असेल हे समजतं, पण बाईंनी बरोबर केलं. आम्हीही तेच करतो. चालत्या-पळत्या मुलाच्या नडग्या, गुडघे, कपाळ, म्हणजे जिथे कातडीखाली लगेच हाड, तिथले डाग हे खेळाचे. तेच डाग कानावर, मानेवर, पोटा-पाठीवर, कुल्ल्यांवर दिसले, किंवा अजून रांगतही नाही अशा बाळाला दिसले, तर विचारावंच लागतं, आणि तेव्हा दोन शक्यता एकदम डोक्यात असतात, कोणी मारतंय का आणि रक्तात काही आहे का. तुमच्या मोजणीतले नडगीचे आठ मी सोडून दिले असते. माझी नजर अडकली ती कमरेच्या डागावर. जागा मऊ, आकार मोठा, मध्ये गाठ, आणि कारण आठवत नाही. एका डागाने काही ठरत नाही, पण पुढचे प्रश्न विचारायला तेवढं पुरतं.

तर सांगा. नाकातून रक्त येतं का, किती वेळा, एका बाजूने की दोन्ही, आणि किती वेळ चालतं. दुधाचा दात पडला का, तेव्हा काय झालं. जन्मल्यावर नाळेतून रक्त येत राहिलं होतं का. मांडीत लस दिल्यावर गाठ येऊन काळं पडलं होतं का. पडल्यावर गुडघा किंवा घोटा सुजून बसला असं कधी? आणि ताप आला की घरात कुठलं सिरप देता, बाटलीवर वाचून लिहा, आठवणीतून नको.

पाखाडीवरची
बाईंचं समजलं. राग नाही आता, म्हणजे थोडा आहे.

नाकाचा घोळणा फुटतो हिचा, महिन्यातून दोनदा तरी, कधी उजवीकडे कधी डावीकडे. उन्हाळ्यात जास्त. शिमग्यात पालखी नाचवताना बघत उभी होती तेव्हा अर्धा तास चाललं होतं, फ्रॉक भिजला. आम्ही डोकं मागे करून कांदा हुंगवतो. दात आतापर्यंत दोन पडले. पहिल्याचं आठवत नाही, दुसरा दुपारी पडला आणि रात्रीपर्यंत थुंकीत लाल, सकाळी उशीवर पण डाग. नाळेचं काही नव्हतं, लसीचं काही नाही, सांधे कधी सुजले नाहीत.

सिरपची बाटली आत्ता बघितली. दोन औषधं आहेत एकात, पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन. हे वाईट असतं का??

देवगडचा_बापू
मला हिमोफिलिया आहे, रक्त गोठवणारा फॅक्टर ८ कमी, वय ४१. सुजेचं विचारलं म्हणून लिहितोय. आमचं उलट असतं. नाक-दात यांचा मला तितका त्रास नाही. सकाळी पडलो तर तेव्हा काहीच नाही, पोरं खेळतात तसा खेळलो, आणि संध्याकाळी गुडघा नारळासारखा. दात काढला तर डॉक्टरांसमोर थांबतं, घरी आल्यावर रात्री सुरू. माझ्या मामाला होतं, तो लहानपणीच गेला, आणि आईच्या आईचा भाऊ पण असाच गेला म्हणतात. आमच्या घरी सगळे "पितर लागलेत" म्हणायचे. ताई, तुमच्या माहेरी कोणा पुरुषाला असं?

वाशिष्ठीकाठचा
बापू, तुम्ही एका परिच्छेदात जे सांगितलंत ते समजवायला मला ओपीडीत अर्धा तास लागतो. तुमचं रक्त आधी थांबतं आणि मग परत सुरू होतं, कारण प्लेटलेटचं बूच नीट बसतं पण त्यावर घट्ट जाळं विणलं जात नाही, मग काही तासांनी ते बूच सुटतं. म्हणून खोल, उशिरा, सांध्यात, स्नायूत. या पोरीचं बूचच बसायला वेळ लागतोय असं वाटतं. दात पडला त्या क्षणापासून चालू, नाक, हिरड्या, कातडी, सगळं वरवरचं आणि लगेचचं. असं असलं की बोट प्लेटलेटकडे जातं, किंवा प्लेटलेटला जखमेच्या काठाला चिकटवणाऱ्या डिंकाकडे. प्लेटलेटची संख्या चांगली आहे हे कळलं. त्या काम करतात का आणि डिंक पुरेसा आहे का, हे सीबीसी सांगत नाही.

कलमी_आंबा, म्हणून विषय संपला नाही. बीटी म्हणजे कानाच्या पाळीला किंवा बोटाला टोचून टिपकागदाने टिपत बसायचं, टोचणारा कोण, किती खोल टोचलं, पोर हललं का, यावर आकडा बदलतो, म्हणून बऱ्याच ठिकाणी ते बंदच केलंय. आणि काचेच्या नळीतलं सीटी बिघडायला फॅक्टर अगदी तळाला जावा लागतो. सौम्य आजार दोन्हींतून सहज निसटतो. तुमचं ऑपरेशन सुखरूप झालं ते तुमचं रक्त चांगलं म्हणून, तपासणी चांगली म्हणून नाही.

ताई, आयबुप्रोफेन वाईट नाही, पण प्लेटलेटची चिकटायची ताकद ते काही काळ कमी करतं. ताप आला होता, सिरप चालू होतं आणि त्याच दिवसांत नाक फुटलं, असं झालं असेल तर अर्धं उत्तर बाटलीत आहे. यापुढे तुमच्या डॉक्टरांना विचारून नुसतं पॅरासिटामॉल ठेवा. आणि तो अर्धा तास मी सध्या हिशोबात धरत नाही, कारण डोकं मागे करून कांदा हुंगवला तर कोणाचंही नाक अर्धा तास वाहील, रक्त घशात जातं ते वेगळंच. पुढच्या वेळी बसवा, डोकं किंचित पुढे, नाकाचा मऊ भाग दोन बोटांनी घट्ट दाबा आणि घड्याळ लावून १० मिनिटं सोडू नका, मध्येच उघडून बघायचं नाही. एवढं करूनही १० मिनिटांवर चाललं तर ती गोष्ट मोजायची.

अजून एक, सांधे-कातडी मुळातच सैल आहे का ते बघायला विचारतो, तिचा अंगठा आतल्या बाजूला वाकवून मनगटाच्या मागच्या हाताला टेकतो का? जुन्या जखमांचे वण कसे आहेत, बारीक रेघ की पातळ कागदासारखे पसरट? आणि बापूंनी विचारलेलं घरच्यांचं. पण फक्त पुरुषांचं नको, स्वतःचं पण लिहा.

पाखाडीवरची
अंगठा टेकत नाही. वण साधे आहेत, हनुवटीला टाके पडले होते तिथे नुसती रेघ.

सिरपचं नवऱ्याशी बोलले, नाक तापाशिवायही फुटतं, शिमग्यात ताप नव्हता.

माहेरी पुरुषांत कोणाला नाही. माझं काय लिहू, मला काही आजार नाही.

काजूगर
ताई मध्येच घुसते, मी पण आईच आहे. डॉक्टरांना मोकळं विचारता येत नसेल म्हणून मी विचारते. पाळी किती दिवस? पॅड किती वेळाने बदलता? रात्री उठावं लागतं का? गाठी पडतात का?

पाखाडीवरची
अगं आमच्याकडे सगळ्यांचं सारखंच आहे. आठ दिवस, पहिले तीन दिवस तासा-दीड तासाला बदलावं लागतं, रात्री खाली जुनं धोतर घालून झोपते, गाठी असतात. आई, मावशी, बहीण सगळ्यांचं असंच, म्हणून कधी कुठे बोललेच नाही. हिमोग्लोबिन ८.४ आलं होतं, लोहाच्या गोळ्या दिल्या, संपल्या की परत खाली. बाळंतपण व्यवस्थित झालं, काही त्रास नाही, पण नंतर दीड महिना अंगावरून जात राहिलं. आणि हो, अक्कलदाढ काढली होती लग्नाआधी, तर रात्री परत जाऊन टाके घालून घेतले होते. डॉक्टर म्हणाले तुम्ही चूळ भरली असणार. नव्हती भरली.

वाशिष्ठीकाठचा
काजूगर, आभार. मी इतका सरळ विचारू शकलो नसतो.

ताई, तुमच्या या पोस्टमध्ये पोरीच्या सगळ्या डागांपेक्षा जास्त माहिती आहे. कारण असं बघा, साडेसहा वर्षांच्या मुलीच्या रक्ताची परीक्षाच झालेली नसते. ऑपरेशन नाही, दाढ काढलेली नाही, पाळी नाही. तिला रक्तस्रावाचा काही इतिहास नाही असं लिहिलं तरी ते कोऱ्या पेपरला पास म्हटल्यासारखं. तुमची परीक्षा मात्र तीनदा झाली आहे. घरातल्या सगळ्या बायकांचं सारखं आहे म्हणून ते नॉर्मल, असं कोणालाही वाटेल, पण सगळ्यांचं सारखं असणं हाच पुरावा आहे. बाळंतपण सुखरूप आणि नंतर दीड महिना रक्त, यालाही अर्थ आहे. तो मघाशी म्हटलेला डिंक, वॉन विलेब्रँड फॅक्टर त्याचं नाव, पोटुशी असताना खूप वाढतो आणि बाळंतपणानंतर दिवसा-दिवसाने मूळ पातळीवर उतरतो. म्हणून त्या दिवशी सांभाळलं गेलं असेल आणि नंतर लांबलं असेल.

तुमच्या डॉक्टरांशी बोला, हे सगळं कागदावर लिहून न्या, पोरीचं एका बाजूला तुमचं दुसऱ्या बाजूला. रक्तस्रावाला गुण द्यायची एक ठरलेली प्रश्नावली आहे, मुलांमध्ये ३ किंवा वर गेलं तर पुढे तपासतात. ती ते भरतील. मग पीटी, एपीटीटी या रक्त गोठण्याच्या तपासण्या, प्लेटलेटचा आकार बघायला स्मिअर आणि वॉन विलेब्रँडची तपासणी. एपीटीटी नॉर्मल आली तर खूश होऊन थांबू नका, या आजारात ती बऱ्याचदा नॉर्मलच असते. आणि नवराबायको नात्यातले आहात का? आते-मामे भावंडांची लग्नं आपल्याकडे होतात, तसं असेल तर प्लेटलेट काम न करण्याचे दुर्मिळ आजारही यादीत वर घ्यावे लागतात.

पाखाडीवरची
नात्यातले नाही. इतकं काही निघेल वाटलं नव्हतं. जाते.

निवती_लाईटहाऊस
एक शंका डॉक्टर. भाच्याच्या भावाला आता कुल्ल्यांवर आणि पोटऱ्यांवर लालजांभळे डाग आलेत, पोट दुखतंय, घोटे पण. परत आयटीपी?

वाशिष्ठीकाठचा
डागांवर डोळे मिटून बोट फिरवा. उंचवटा लागतोय का? आयटीपीचे टिपके सपाट असतात. कुल्ले, पोटऱ्या, उंचवटा, घोटे आणि पोट असं एकत्र असेल तर रक्तात दोष असण्यापेक्षा बारीक रक्तवाहिन्यांना सूज आलेली असण्याची शक्यता जास्त. आजच दाखवा, उद्या नको, आणि लघवी तपासून घ्या, मूत्रपिंडाला धक्का लागू शकतो. पोटदुखी वाढली किंवा शीतून रक्त आलं तर थेट मोठ्या दवाखान्यात.

निवती_लाईटहाऊस
उंचवटा लागतोय. निघालो.

पाखाडीवरची
तीन आठवड्यांनी लिहितेय. स्मिअर, पीटी, एपीटीटी सगळं नॉर्मल. वॉन विलेब्रँडचं इथे होत नाही म्हणून रक्त घेऊन मुंबईला पाठवलं. रिपोर्ट आला, त्यात फॅक्टरचं प्रमाण ३४ टक्के आणि काम १९ टक्के. खाली लिहिलंय टाईप २ असू शकतो, म्हणजे फॅक्टर आहे पण नीट काम करत नाही असा प्रकार. गुगल करून पोटात गोळा आलाय.

नळी_आणि_सुई
मी रत्नागिरीत लॅबमध्ये आहे, पंधरा वर्षं रक्तच काढतोय. ताई, घाबरायच्या आधी एक सांगा. रक्त गेलं कसं? निळ्या झाकणाची नळी तशीच बर्फाच्या डब्यात ठेवून रात्रीच्या गाडीने दिली का?

पाखाडीवरची
हो, थर्माकोलचा डबा, बर्फाच्या पिशव्या, माझ्यासमोर भरलं. संध्याकाळी सातची गाडी. का?

नळी_आणि_सुई
तिथेच घोळ. आपल्याकडे सगळ्यांची समजूत अशी की रक्त थंड ठेवलं की टिकतं. बाकीच्या बऱ्याच तपासण्यांना ते खरंही आहे. पण हा एक फॅक्टर असा की न फिरवलेलं अख्खं रक्त गार करून ठेवलं की तो कमी दिसायला लागतो, आणि त्यातही प्रमाणापेक्षा काम जास्त पडतं. म्हणजे सौम्य असलेला किंवा अगदी चांगला माणूस पण कागदावर टाईप २ होऊन येतो. बरोबर पद्धत म्हणजे नळी खुणेपर्यंत पूर्ण भरायची, एक भाग औषध नऊ भाग रक्त, रूमच्या तापमानालाच ठेवायची, चार तासांच्या आत सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वरचं पिवळं पाणी वेगळं काढायचं, आणि पाठवायचं असेल तर ते पाणी गोठवून ड्राय आईसमध्ये पाठवायचं. गुहागरहून रात्रीच्या गाडीने हे होणार नाही. माणसालाच तिकडे न्यायला लागतं. आमच्याकडे कोणी आलं तर मी घेतच नाही ही टेस्ट, पैसे बुडतात पण चालेल.

अजून एक, पोर रडली का सुई टोचताना?

पाखाडीवरची
रडली म्हणजे? चौघांनी धरलं होतं. दवाखाना डोक्यावर घेतला.

वाशिष्ठीकाठचा
नळीवाले भाऊ बरोबर बोलतायत, आणि गंमत बघा, दोन चुका उलट्या दिशेच्या आहेत. गारठ्याने आकडा खाली जातो. रडणं, धावपळ, ताप, सर्दी यांनी वर जातो. या ३४ आणि १९ मध्ये किती गारठा आणि किती आरडाओरडा, हे ब्रह्मदेवही सांगणार नाही. हा रिपोर्ट फाईलला लावा पण त्यावर औषध ठरवू नका. परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची इम्युनोहिमॅटॉलॉजीची संस्था आहे, रक्तस्रावाच्या आजारांवरच काम चालतं तिथे. तुमच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन दोघी जा, दोघींचं तिथेच काढू दे. सर्दी-ताप नसताना जा. सुईआधी पोरीला अर्धा तास शांत बसवा, भूल देणारं मलम मिळालं तर लावा. रक्तगटही बघून ठेवा, ओ गटाच्या लोकांत हा फॅक्टर मुळातच साधारण पाव हिश्शाने कमी असतो.

कलमी_आंबा
म्हणजे एवढा मोठा मुंबईचा रिपोर्ट चुकीचा? मग विश्वास ठेवायचा कशावर?

नळी_आणि_सुई
मुंबईचं मशीन चुकलं नाही दादा. डब्यात जे आलं ते त्यांनी बरोबर मोजलं. बांगडा सडका गेला तर आचाऱ्याला काय बोलणार.

पाखाडीवरची
पावसाच्या आधी जाऊन आलो. दिवा पॅसेंजरने गेलो, बहिणीकडे राहिलो, दुसऱ्या दिवशी सकाळी दोघींचं रक्त. पोरगी मोबाईलवर कार्टून बघत होती, या वेळी नुसती "आई गं" म्हणाली. तिचं प्रमाण ४५, काम ४३. माझं ३८ आणि ३६. दोघींचा गट ओ. म्हणजे टाईप २ चं भूत गेलं.

पण आता नवीनच. तिथल्या डॉक्टर म्हणाल्या सौम्य टाईप १ धरू, म्हणजे फॅक्टर काम नीट करतो पण कमी आहे. इथे आमच्या डॉक्टरांनी ओळखीच्या रक्ततज्ज्ञांना फोन केला तर ते म्हणाले ३० च्या वर आहे, ओ गट आहे, याला आजार म्हणू नका, फॅक्टर जरा कमी एवढंच म्हणा. मी कोणाचं ऐकू? सासूबाई आधीच विचारतायत, आजाराचं नाव लागलं तर पोरीचं लग्न कसं होणार.

वाशिष्ठीकाठचा
दोघंही वेडे नाहीत. ३० च्या खाली असतं तर वादच नव्हता. ३० ते ५० ही मधली पट्टी आहे, २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात असं ठरलं की या पट्टीत आकडा आणि सोबत नेहमीपेक्षा जास्त रक्तस्राव असेल तर टाईप १ म्हणावं. ते सगळ्यांना मान्य नाही, कारण या पट्टीत ओ गटाची कितीतरी धडधाकट माणसंही बसतात. माझा स्वतःचा कल नाव द्यायच्या बाजूला आहे, आणि कारण आकडा नाही, तुमची अक्कलदाढ आहे. उद्या पोरीचे टॉन्सिल काढायचे ठरले तर भूलतज्ज्ञाच्या हातात काहीतरी लिहिलेला कागद हवा. फॅक्टर जरा कमी एवढंच लिहिलं तर तो कागद कोणी उघडणार नाही. पण सहा महिन्यांनी परत एकदा मोजायला मी सांगेन, एका वेळेवर मी पण शिक्का मारणार नाही.

आणि तुमचं स्वतःचं? हिमोग्लोबिन ८.४ वर तुम्ही किती वर्षं चालताय? पोरीपेक्षा उपचाराची गरज आत्ता तुम्हाला आहे. स्त्रीरोगतज्ज्ञांना हे दोन आकडे दाखवा, पाळीत रक्त कमी करायची औषधं आहेत, नुसतं लोह भरत राहणं म्हणजे भोक पडलेल्या कळशीत पाणी.

देवगडचा_बापू
लग्नाचं म्हणाल तर मला सांगा, मी लपवून केलं असतं तर बायकोने जिवंत ठेवलं नसतं. सांगून केलं. दोन मुली आहेत, दोघी माझ्यामुळे वाहक आहेत हे पहिल्यापासून माहीत आहे त्यांना. बहिणीचं आणि मावशीचं पण तपासून घ्या.

पाखाडीवरची
बहीण नाही म्हणते. "मला काही होत नाही, उगाच मागे लावून घेऊ नकोस." मी पण हेच म्हणायचे.

काजूगर
तिला पॅडचं विचार, आजाराचं नको.

पाखाडीवरची
आज वरचा पुढचा दात पडला. फोन हातात घेऊनच बसले होते. डॉक्टरांनी रक्त थांबवायचं औषध ट्रॅनेक्सामिक दिलं होतं ते त्यांनी सांगितल्याप्रमाणे गॉजवर घेतलं, चावून धरायला लावलं, घड्याळ लावलं. १४ मिनिटं. झोपायच्या आधी एकदा थुंकीत थोडं लाल, मग नाही. उशी कोरी. कमरेवरचा डाग गेलाय. नडग्या जशाच्या तशा, आज मोजले तर नऊ.

वाशिष्ठीकाठचा
१४ लिहून ठेवा, तारखेसकट. नऊ लिहू नका.

मालवणी_मावशी
आमच्या ह्यांका डॉक्टरांनी गोळी बदलून दिली. डाग कमी झाले. बायो, चेडवाक माझो आशीर्वाद सांग.